जुन्या बाजारातला लॅपटॉप चार्जर: हातात घेऊन नक्की काय बघायचं?

ऋतुजा_कोथरूड

नमस्कार मंडळी. माझ्या लॅपटॉपचा चार्जर परवा गेला. त्याआधी दोन महिने त्याची नाटकं चालू होती. वायर एका ठरावीक कोनात वाकवून वर जाडजूड पुस्तक ठेवलं की चालायचा, पुस्तक हललं की बंद. आता पुस्तक ठेवूनही चालत नाही.

लॅपटॉप पाच वर्षांचा आहे आणि अजून वर्षभर ढकलायचा आहे, म्हणून नव्या ओरिजिनल चार्जरवर पैसे घालायचं जिवावर आलंय. येत्या रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जाईन म्हणते. मागे एका बुधवारी मैत्रिणीबरोबर गेले होते, तेव्हा एका ताडपत्रीवर चार्जरचा अक्षरशः ढीग बघितला होता. सगळे काळे, सगळे एकसारखे, आणि विक्रेत्याचं एकच पालुपद, "चालू आहे ताई, घेऊन जा."

माझ्या जुन्या चार्जरवर लिहिलंय: INPUT 100-240V~ 1.5A, OUTPUT 19.5V 3.34A. पिन गोल, नळीसारखी, आणि मधोमध सुईसारखी बारीक पिन आहे. बाजारात उभ्या उभ्या, स्क्रू ड्रायव्हर न लावता, काय काय बघता येईल? घरी मल्टीमीटर आहे (दादाचा), पण मला तो फक्त बॅटरीचे सेल तपासायला येतो.

पक्या_चिंचवड

सोप्पंय. मल्टीमीटर घेऊन जायचा, चार्जर लावायचा, 19.5 दिसलं की घ्यायचा. नाही दिसलं की ठेवायचा. बाकी सगळा टाइमपास. मी आत्तापर्यंत तीन घेतलेत असे. आणि 3.34 च्या वरचा घेऊ नकोस, जास्त अँपिअरचा लावला तर मदरबोर्ड जळतो.

हिशोबनीस

मी तर म्हणेन घेऊच नका. जुना चार्जर दोनशेला, तो महिन्यात गेला की पुन्हा दोनशे, रिक्षाचे वेगळे. अशा तीन फेऱ्यांत नवा आला असता. शिवाय घराला आग लागली तर तो खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा?

झाळणवाला

ऋतुजा, आधी एक सांग. तुझा जुना चार्जर कुठे हलवला की चालू-बंद व्हायचा? लॅपटॉपच्या पिनेजवळ की डब्याजवळ, जिथून वायर बाहेर निघते तिथे?

हे विचारण्याचं कारण असं. नाशकात माझं दुरुस्तीचं दुकान आहे, अठ्ठावीस वर्षं झाली. माझ्याकडे येणाऱ्या मेलेल्या लॅपटॉप चार्जरपैकी बऱ्याचशांचा डबा ठणठणीत असतो, मेलेली असते ती वायर. आणि तीही मधे कुठे नाही, तर दोन्ही टोकांच्या मानेत. डबा बॅगेत टाकताना वायर त्याच्याभोवती करकचून गुंडाळतात, रोज त्याच जागी वाकवतात. आतली तांब्याची तार केसासारख्या बारीक तारांची असते, त्यातली रोज एखादी तुटते. वरचं रबर मात्र जसंच्या तसं राहतं, म्हणून बाहेरून काही कळत नाही.

आता जुन्या बाजारातल्या ढिगाचा विचार कर. ते चार्जर तिथे का आले? काही लॅपटॉप भंगारात गेला म्हणून आले, ते चांगले. पण पुष्कळसे तुझ्यासारख्याच कुणीतरी पुस्तक ठेवून ठेवून कंटाळून टाकलेले असतात. तेव्हा तिथे डब्यापेक्षा मान बघायची.

ऋतुजा_कोथरूड

पिनेजवळ हलवला की व्हायचं, काका. डब्याजवळ काही नाही.

झाळणवाला

मग तुझा डबा चांगला असणार. फक्त तीन तारांची नवी वायर-पिन जोडून मिळते, एखाद्या दुरुस्तीवाल्याकडे अर्ध्या तासाचं काम. डबा फोडायलाही लागत नाही. आण तो बाहेर.

ऋतुजा_कोथरूड

आईने शनिवारी रद्दीवाल्याला दिला. 🙁

टर्मिनल_तुका

म्हणजे रविवारी तो तुला जुन्या बाजारात दोनशेला परत मिळेल. बघ, आपलाच असला तर घासाघीस कर.

झाळणवाला

हा हा. बरं, मग मान कशी तपासायची ते नीट सांगतो.

चार्जर हातात घेतला की आधी वायर पूर्ण सोड. गुंडाळलेलीच वायर दाखवून "बघा, नवी आहे" म्हणणारे भेटतील, त्यांच्याकडून घेऊन स्वतः उलगड. मग डब्याकडच्या टोकापासून सुरू कर. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत वायर धरून, हलका दाब देत, हळूहळू पिनेपर्यंत सरकत जा. आजी वातीला पीळ देते ना, तसं बोटांत थोडं फिरवतही जा. चांगली वायर सगळीकडे सारखी भरीव लागते. जिथे आतली तार तुटलीय तिथे बोटाला एकदम मऊ पडल्यासारखं, पोकळ लागतं, नाहीतर उलट बारीक गाठ लागते. वायर हलकेच वाकवून बघ: चांगली वायर गोल कमानीत वाकते, तुटलेली त्या एका जागी दुमडते, टोकदार. एकदा बोटांना कळलं की डोळे मिटूनही कळतं.

दोन्ही मानांजवळ काळी नळी चढवलेली किंवा चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली तर विचारायचं नाही, ठेवून द्यायचा. जोड दिलेली वायर चांगलीही असू शकते, पण आत झाळून जोडलंय की नुसतं पिळून, ते तुला बाहेरून दिसणार नाही. 65 वॉटचा चार्जर साडेतीन अँपिअरच्या आसपास प्रवाह देतो, नुसता पिळलेला जोड त्याला तापतो.

पक्या_चिंचवड

काका, एवढं चिमटीत धरून बसलो तर बाजारवाला हाकलून देईल. मल्टीमीटरने एका सेकंदात कळतं की.

झाळणवाला

पक्या, मल्टीमीटर ने जरूर, मी नको म्हणत नाही. पण तो काय सांगतो आणि काय नाही हे समजून ने.

मल्टीमीटर लावलास तेव्हा चार्जरवर बोजा काहीच नसतो, मीटर जवळजवळ काही खेचत नाही. त्यामुळे दहापैकी एकच तार शाबूत असलेली वायरही 19.5 दाखवते. आतला कपॅसिटर म्हातारा झालेला चार्जरही 19.5 दाखवतो. लॅपटॉप लावून दोन-तीन अँपिअर खेचले की व्होल्टेज खाली बसतं आणि चार्जर टक-टक करत चालू-बंद व्हायला लागतो. म्हणजे मीटरवर शून्य आलं तर चार्जर मेलेला हे नक्की. 19.5 आलं तर तो जिवंत आहे एवढंच नक्की. काम करेल का, ते बोजा टाकल्याशिवाय नाही कळत.

तुझे तीन चालले कारण तू नशीबवान. 🙂

आणि जास्त अँपिअरने मदरबोर्ड जळतो हे चूक. व्होल्टेज तेवढंच हवं, 19.5 म्हणजे 19.5. अँपिअर म्हणजे चार्जर जास्तीत जास्त किती देऊ शकतो तो आकडा. लॅपटॉप हवं तेवढंच घेतो. 19.5 व्होल्ट 4.62 अँपिअरचा, म्हणजे 90 वॉटचा, तीच पिन असलेला चार्जर मिळाला तर खुशाल घे ऋतुजा, उलट कमी तापेल. कमीचा मात्र घेऊ नकोस. 45 वॉटचा घेतलास तर लॅपटॉप कुरकुर करेल किंवा चार्जर रडेल.

पक्या_चिंचवड

ओके, अँपिअरचं मान्य. पण एक अनुभव सांगतो. असाच मधल्या पिनेचा एक चार्जर बघितला होता, मीटरची एक टोचणी बाहेरच्या रिंगला आणि दुसरी मधल्या सुईला लावली, तर भलताच आकडा आला, 19.5 च्या जवळपासही नाही. खराब म्हणून परत ठेवला. तो तरी खराब होता की नाही?

झाळणवाला

तो चांगला असण्याची शक्यता जास्त! मधली सुई वीज देणारी नाहीच. ती ओळख सांगणारी पिन. चार्जरच्या आत एक इवलीशी चिप असते, ती या सुईतून लॅपटॉपला कळवते की मी अमुक वॉटचा आहे. वीज असते ती नळीच्या आतल्या भिंतीवर, तिथे धन, आणि बाहेरच्या पत्र्यावर ऋण. म्हणजे मोजताना लाल टोचणी सुईला न लावता नळीत घालून आतल्या भिंतीला टेकवायची. जागा फार अरुंद असते. टोचणी घसरून आतबाहेर शॉर्ट झालं तर चांगला चार्जर स्वतःला बंद करून घेतो. मेला असं वाटतं, पण भिंतीतून काढून अर्धा मिनिट थांबून परत लावला की बहुधा उठतो.

ऋतुजा, तुझ्या प्रकारच्या चार्जरची खरी मेख ही सुईच आहे. तिची तार वायरीतल्या तिघांत सगळ्यात बारीक, त्यामुळे मानेत ती आधी तुटते. मग काय होतं? 19.5 व्होल्ट बरोबर येतात, लॅपटॉप चालू होतो, सगळं छान. फक्त बॅटरी चार्ज होत नाही आणि लॅपटॉप बैलगाडीसारखा चालतो. चालू करताना पडद्यावर येतं:

```
The AC power adapter wattage and type cannot be determined.
```

बाजारवाला "चालू आहे" म्हणतो ते खोटं नसतं, त्याच्या दृष्टीने दिवा लागला म्हणजे चालू.

ऋतुजा_कोथरूड

अरे बापरे, हा संदेश मला शेवटच्या महिन्यात रोज दिसायचा! मी Enter दाबून पुढे जायचे. मग हे बाजारात कसं कळणार?

झाळणवाला

लॅपटॉप बरोबर घेऊन जा, दुसरा उपाय नाही. बॅटरी तीसेक टक्क्यांपर्यंत उतरवून ने. भरलेल्या बॅटरीवर चार्जर तपासणं म्हणजे जेवून उठलेल्या माणसाला जेवणाची चव विचारणं, तो काही खेचणारच नाही. चार्जर लाव, लॅपटॉप चालू करताना F2 दाबत राहा म्हणजे BIOS उघडेल. त्यात बॅटरीच्या माहितीत AC Adapter समोर 65 W दिसलं पाहिजे. तिथे Unknown असं काही दिसलं तर ओळखीची तार गेलेली, किंवा नकली चार्जर ज्यात ती चिपच नाही. आकडा दिसत असताना पिनेजवळची मान चारी दिशांना हलक्या हाताने वाकवून बघ.

लावण्याआधी पिनेत टॉर्च मारून सुई सरळ मधोमध आहे ना, ते बघ. वाकडी सुई जोरात घातली तर लॅपटॉपची खाच बिघडते, आणि मग चार्जर कितीही आणलेस तरी उपयोग नाही.

टर्मिनल_तुका

BIOS मध्ये मान हलवत बसण्यापेक्षा, लिनक्स असेल तर हे चालवून ठेव:

```
watch -n1 cat /sys/class/power_supply/BAT0/status
```

दर सेकंदाला स्थिती दिसते. `Charging` दिसतंय, मान वाकवली आणि ते जाऊन दुसरं काही आलं, की समजायचं वायर पिचलेली. काही लॅपटॉपवर BAT0 च्या जागी BAT1 असतं.

ऋतुजा_कोथरूड

उबुंटू आहे. हे भारी आहे, थँक्स!

मालती_सांगली

मुलांनो, मी हा धागा उशिरा वाचते आहे. चार्जरचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते. माझ्या नातवाच्या लॅपटॉपला चार्जर लावून हात ठेवला की झिणझिण्या येतात. चार्जर जुन्या बाजारातला नाही, लॅपटॉपबरोबर आलेला आहे. तो बदलू का? आणि माझ्या मोबाइलची वायर आठवडी बाजारातून घेतली होती, ती लावली की दिवसभर चार्ज होतो तरी ऐंशी टक्क्यांवर जात नाही. विक्रेता म्हणाला होता "फास्ट चार्जिंग".

झाळणवाला

मालतीताई, झिणझिण्या धातूच्या अंगाच्या लॅपटॉपवर येतात. चार्जरच्या आत गोंगाट शोषणारा एक छोटा कपॅसिटर मेन लाइन आणि बाहेरच्या बाजूला जोडलेला असतो, त्यातून अगदी किंचित प्रवाह येतो. तीन पिनांचा प्लग असेल आणि घराचं अर्थिंग खरं असेल तर तो जमिनीत जातो. आधी दोन पिनांचा कन्व्हर्टर मधे लावलाय का बघा, मग इलेक्ट्रिशियनकडून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. नुसत्या झिणझिण्या असतील तर बहुधा तेवढंच असतं. झटका बसला, हात मागे ओढावा असा, तर त्या क्षणी बंद आणि पुन्हा लावायचा नाही.

वायरबद्दल: तिच्या अंगावर बारीक अक्षरं छापलेली असतील, चष्मा लावून वाचा. `28AWG/1P+24AWG/2C` असं काही दिसेल. पहिला भाग माहिती नेणाऱ्या तारांचा, दुसरा वीज नेणाऱ्या. आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. दुसऱ्या भागात 24 किंवा त्याहून लहान आकडा असला तर बरी वायर. तिथेही 28 असेल तर ती बारीक.

हिशोबनीस

थोडा हिशोब माझ्याकडून. 28 नंबरची तांब्याची तार मीटरला साधारण 0.21 ओम. जाऊन-येऊन एक मीटरच्या केबलमध्ये 0.43. दोन अँपिअर खेचले की वाटेतच 0.85 व्होल्ट गेले. पाचातून निघाले, मोबाइलपाशी 4.15 पोहोचले. मोबाइल शहाणा असतो, तो मग कमीच खेचतो, म्हणून दिवसभर लागतो. 24 नंबरला तेच 0.17 ओम, म्हणजे तोटा 0.34 व्होल्ट. हे फक्त तांबं खरं असेल तर. छापलेलं खरंच असतं असं मी म्हणत नाही.

मालती_सांगली

माझ्या वायरीवर काहीच छापलेलं नाही.

हिशोबनीस

मग तुमच्या वायरीने उत्तर दिलं, ताई.

झाळणवाला

अगदी. ज्यावर काही लिहिलेलंच नाही ते जुन्या बाजारात घेऊच नये. टाइप-सी केबल घेताना एक मात्र करा. टोकातल्या लंबगोल तोंडात टॉर्च मारून बघा. आत सोनेरी पट्ट्या स्वच्छ दिसल्या पाहिजेत. एखादी काळी पडलेली किंवा हिरवट बुरशीसारखं काही असेल, तर तिथे कधीतरी ओलावा गेलेला किंवा ठिणगी पडलेली असते. आणि ते तोंड बोटांनी धरून हलवलं की प्लास्टिकच्या घरात डुगडुगता कामा नये.

पक्या_चिंचवड

डब्याच्या लेबलवरून काही कळतं का काका? नकली-असली?

झाळणवाला

कळतं, पण लेबल म्हणजे छापलेला कागद हे लक्षात ठेवून. भारतात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉप चार्जरवर बीआयएसचं चिन्ह आणि खाली R- ने सुरू होणारा आठ आकडी नंबर असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की नोंद कोणाची ते दिसतं. नुसता नंबर खरा आहे एवढ्यावर खूश होऊ नका. ॲपमध्ये दाखवलेली वस्तू अडॅप्टरच आहे का आणि लेबलवरचं नाव तेच आहे का, ते जुळवा. नकली डब्यावर दुसऱ्याच कशाचा तरी नंबर उचलून छापलेला मी पाहिलाय. मुदत संपलेली दिसली तर लगेच नकली म्हणू नका, जुना डबा आहे, बनला तेव्हा मुदत चालू असेल.

लेबलपेक्षा मला डब्याची शिवण जास्त सांगते. कारखान्यात दोन अर्धे भाग वितळवून एक केलेले असतात, शिवण सलग आणि बारीक असते. कुणी उघडला असेल तर तिथे पात्याच्या खुणा दिसतात, आणि झटपट गोंदाचा पांढुरका धूर बसल्यासारखा डाग असतो. मग नाकाजवळ न्या. जळक्या बेकलाइटचा वास विसरता येत नाही. कानाजवळ धरून हलवा, आत काही खडखडलं की संपलं. वजनाने फुलासारखा हलका असेल तरी संशय घ्या.

उघडलेला डबा मी तुम्हाला घ्या म्हणणार नाही. आणि घरी स्वतः तर उघडू नकाच. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर 325 व्होल्टपर्यंत वीज साठते, आणि बिघडलेल्या चार्जरमध्ये प्लग काढल्यावरही ती बराच वेळ राहू शकते.

हिशोबनीस

पण तुम्ही स्वतः उघडून दुरुस्त करून देताच ना? मग दुसऱ्या कुणी केलेला का नको?

झाळणवाला

मी केलेला असेल तर मला ठाऊक असतं आत काय बसवलंय. दुसऱ्याने केलेला मलाही ठाऊक नसतो. माझ्याकडे असा एक डबा आला होता, फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा झाळलेला. बाहेरून चकाचक.

हिशोबनीस

हे पटत नाही पूर्ण. म्हणजे दुरुस्ती चांगली, फक्त ओळखीच्या माणसाची?

झाळणवाला

हो, तसंच काहीसं म्हणतोय. नाही पटलं तरी चालेल.

ऋतुजा_कोथरूड

अपडेट. जाऊन आले! लांबलचक लिहिते, सांभाळून घ्या.

पोहोचायला अकरा झाले, ऊन मी म्हणत होतं. ताडपत्रीवाले काका तेच. लॅपटॉप 28 टक्क्यांवर नेला होता. माझ्या पिनेचे तीन चार्जर निघाले.

पहिला दिसायला सगळ्यात नवा, चकचकीत. वायर सोडायला लागले तर काका म्हणाले, "ताई, कशाला सोडताय, गुंडाळून देतो ना." झाळणवाले काका आठवले आणि सोडलीच. चिमटीत धरून सरकत गेले, पिनेच्या चार बोटं अलीकडे एकदम मऊ. खरंच पोकळ लागतं! वाकवली तर तिथेच कोपरा झाला. परत ठेवला.

दुसरा 90 वॉटचा, वायर झकास, पण शिवणीवर ओरखडे आणि पांढरा डाग. वास घेतला तर जळका नव्हता, गोंदाचा होता. मोह झाला, पण ठेवला.

तिसरा 65 वॉटचा, मळका, लेबल अर्धं घासलेलं, पण R नंबर वाचता आला. ॲपमध्ये अडॅप्टरच निघाला, नावही जुळलं. वायर सगळीकडे सारखी. सुई सरळ. आता वीज कुठे? काकांनी मुलाला शेजारच्या दुकानात पाठवलं, त्याने पायरीवर एक्स्टेंशन बोर्ड आणून दिला. F2 दाबून बघितलं, 65 W! मग उबुंटू सुरू करून तुकाची कमांड लावली आणि मान वाकवली. पाच-सहा वेळा. Charging हललं नाही. बाजूला चार माणसं जमली होती, एकाने विचारलं "तुम्ही रिपेअरिंग करता का?" 😄

अडीचशे सांगितले, एकशे ऐंशीला दिला. "नाही चालला तर पुढच्या रविवारी आणून द्या" असंही म्हणाले.

घरी एक तास लावून ठेवला. डबा चांगलाच तापला, पण हात ठेवता येतो. हे ठीक आहे का? आणि रात्री शांततेत डब्यातून अगदी बारीक 'चीं' आवाज येतो.

पक्या_चिंचवड

जिंकलीस! पण आवाज येतोय म्हणजे गेला तो, परत कर.

झाळणवाला

शाब्बास! तिसराच घेतलास हे बरं झालं.

बॅटरी उतरलेली असताना डबा तापणारच. हात ठेवून दहापर्यंत मोजता येत असेल तर ठीक. मला डब्यापेक्षा पिनेची काळजी असते. तासाभराने पिन काढून बोट लाव, ती कोमट फार तर. पिन किंवा भिंतीतला प्लग डब्यापेक्षा गरम असेल तर तिथे स्पर्श सैल आहे.

आवाजाबद्दल पक्याशी मी पूर्ण सहमत नाही. बॅटरी भरली की बोजा कमी होतो आणि अशा वेळी बरेच चांगले चार्जरही बारीक किणकिणतात. पण तू म्हणतेस तो आवाज कधी येतो, भरल्यावर की चार्ज होत असताना? चार्ज होताना येऊन दिवसागणिक वाढत असेल तर म्हाताऱ्या कपॅसिटरचा संशय घेईन. इथे बसून नक्की नाही सांगता येणार.

ऋतुजा_कोथरूड

पिन कोमटच होती. आवाज कधी येतो ते लक्ष देऊन बघते आज.

आणखी एक. आज सकाळी चालू करताना तो wattage and type वाला संदेश एकदा आला. पिन काढून परत लावली तर गेला, नंतर दिवसभर आला नाही.

टर्मिनल_तुका

वायर की लॅपटॉपची खाच? जुन्या चार्जरने वर्षभर वाकडा ताण दिला असेल तर खाचही सैल झालेली असू शकते.

झाळणवाला

हेच म्हणणार होतो. तसाच लॅपटॉप असलेलं कुणी ओळखीचं असेल तर हा चार्जर त्यावर आठवडाभर लावून बघ. तिथे संदेश आला तर वायर, नाही आला तर खाच. खाच सुट्टी मिळते, महाग नसते, पण लॅपटॉप उघडावा लागतो.

ऋतुजा_कोथरूड

मैत्रिणीकडे तोच आहे. बुधवारी देते तिला. रविवारच्या आत कळलं तर बरं, नाहीतर ताडपत्रीवाल्या काकांचा वायदा संपेल.